सामायिक गाडी, दोन चाव्या: आपोआप लॉकच्या सेटिंगच्या नोंदी

२ जून २०२५

गाडी: होंडा सिटी, पाचवी पिढी, पेट्रोल. एका छोट्या ऑफिसची, पुण्यात. चालवणारे चौघे, चाव्या दोन. तक्रारी दोन आणि एकमेकींच्या उलट. एक, गाडी पार्किंगमध्ये कधीकधी उघडीच सापडते. दोन, चावी आत राहून गाडी बंद होईल या धास्तीने दोघेजण लॉकच करत नाहीत, काच थोडी खाली ठेवून जातात.

काम असं ठरलं: लांब गेल्यावर आपोआप लॉक होणं (वॉक अवे), उघडल्यावर दार न उघडल्यास पुन्हा लॉक होणं (रीलॉक) आणि हँडलला हात लावून उघडणं या तिन्हींची नीट तपासणी करायची, सेटिंग कायम करायची आणि चौघांना समजेल असा एक कागद ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवायचा.

चाचणीचा नियम पहिल्या दिवसापासून एकच. चालकाच्या बाजूची काच पूर्ण खाली, आणि दुसऱ्या चावीतलं, हाताने दार उघडणारं धातूचं पातं बाहेरच्या माणसाच्या हातात. हे झाल्याशिवाय चावी आत ठेवून एकही प्रयोग करायचा नाही.

४ जून

आधी गाडीला चावी कळते कशी, ते चौघांना सांगितलं. हे समजलं की बाकीचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

गाडीतले अँटेना कमी वारंवारतेचा, साधारण १२५ किलोहर्ट्झचा इशारा सोडतात. तो जेमतेम काही मीटर पोचतो. चावीला तो ऐकू आला की ती उलट उत्तर देते, पण ते वेगळ्या आणि लांब पोचणाऱ्या लहरीवर. भारतात बहुतेक गाड्यांत ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास. चावी दाराबाहेर आहे, केबिनमध्ये आहे की डिकीत, हे गाडी ठरवते ते कोणत्या अँटेनाच्या इशाऱ्याला उत्तर आलं यावरून. म्हणजे हा दुतर्फा संवाद आहे. त्यातली एक बाजू तुटली तरी गाडीच्या लेखी चावी नाहीच.

म्हणून "चावी आत सापडली नाही" आणि "चावी बाहेर आहे" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चावी आत अडकण्याचे बहुतेक प्रकार या दोहोंमधल्या फटीतून येतात.

दोन्ही चाव्यांचे सेल तपासले. सीआर२०३२, ३ व्होल्टचा. एकाचं मल्टिमीटरवर ३.१, दुसऱ्याचं २.८. दुसरा बदलला. नुसत्या मीटरवर २.८ म्हणजे सेल संपलेला वाटत नाही, पण चावी उत्तर पाठवते त्या क्षणी व्होल्टेज आणखी खाली बसतं. अशा सेलवर बटण दाबलं की गाडी उघडते, आणि आपोआप लॉकचा मात्र भरवसा राहत नाही. त्यामुळे लोक सेटिंगला दोष देत बसतात.

५ जून

`Walk Away Auto Lock` चालू केलं. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत ही सोय कारखान्यातून बंदच येते, त्यामुळे "आमच्या गाडीत आहे पण चालत नाही" असं म्हणणाऱ्यांनी आधी सेटिंग उघडून पाहावं. मॉडेलनुसार ती मीटरच्या पडद्यावर किंवा टचस्क्रीनवर, गाडीच्या सेटिंगमध्ये दारांच्या विभागात मिळते. त्याच विभागात `Security Relock Timer` असतो, ज्या मॉडेलमध्ये वेळ बदलता येते तिथे ३०, ६० आणि ९० सेकंद.

आता खरी मेख. पडद्यावरून ही सोय चालू केली की ती फक्त त्याच चावीला लागू होते, जिने सेटिंग बदलण्यापूर्वी चालकाचं दार उघडलं होतं. दुसरी चावी जुन्याच सेटिंगवर राहते. ऑफिसची पहिली तक्रार इथेच सापडली: पहिली चावी घेतलेले दोघे म्हणत "आपोआप बंद होते", दुसरी घेतलेले म्हणत "होत नाही", आणि दोघांचंही बरोबर होतं.

उपाय सरळ आहे. पहिली चावी बाहेर दूर ठेवली. दुसऱ्या चावीने दार उघडलं, आत बसून सेटिंग पुन्हा चालू केलं. मग दोन्ही चाव्यांना चिकटपट्टी लावून "१" आणि "२" लिहिलं आणि दोन्हींवर वेगवेगळी चाचणी घेतली.

९ जून

वॉक अवेची चाचणी. क्रम असा चालतो. इंजिन बंद करायचं, सगळी दारं आणि डिकी लावायची, चावी खिशात. शेवटचं दार लागलं की गाडी एकदा बीप देते. हा बीप लॉक झाल्याचा नाही. "चावी बाहेर दिसली, आता लक्ष ठेवते" एवढाच त्याचा अर्थ. पुढे चावी गाडीच्या टप्प्याबाहेर (होंडाच्या पुस्तिकांत मॉडेलनुसार दीड ते अडीच मीटर) गेली आणि दोन सेकंद बाहेरच राहिली की दुसरा बीप येतो, इंडिकेटर चमकतात, दारं लॉक होतात.

चौघांपैकी तिघे पहिला बीप ऐकून निघून जात होते. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं. पण पहिला बीप आला आणि मागचं दार कुणीतरी पुन्हा उघडलं, की तो क्रम रद्द होतो. मग दार लावल्यावर नवा बीप यायला हवा. पिशवी काढायला मागे फिरलेल्या माणसाच्या बाबतीत हेच होतं.

गाडीशेजारी उभं राहून फोनवर बोलत बसलात तरी पहिल्या बीपनंतर साधारण ३० सेकंदांनी ती लॉक होते. त्यासाठी लांब जायची गरज नाही.

लॉक झालं का, हे पाहायला हँडल ओढायचं नाही. चावी खिशात असताना हँडलला हात लागला की गाडी मालक आला समजून उघडते, आणि माणूस म्हणतो, "बघा, लॉकच झाली नव्हती." चावी दुसऱ्याच्या हातात देऊन त्याला पाच-सहा मीटर लांब उभं करायचं, मग स्वतः हँडल ओढायचं. एकटे असाल तर दुसरा बीप आणि इंडिकेटर, एवढ्यावरच भागवायचं.

१२ जून

लॉक कधी होत नाही, ते एकेक करून पाहिलं. एक तरी चावी गाडीत असेल तर नाही. कुठलंही दार किंवा बॉनेट नीट लागलं नसेल तर नाही. गाडी पूर्ण बंद नसेल, म्हणजे नुसतं ॲक्सेसरी चालू असेल, तरी नाही. आणि दार लावताना चावी टप्प्यात नसेल तर क्रम सुरूच होत नाही. ड्रायव्हर आधी चावी घेऊन लिफ्टपर्यंत पोचला आणि सहप्रवाशाने मागून सामान काढून दार लावलं, तर गाडी रात्रभर उघडी.

ऑफिसच्या गाडीत दुसरी चावी कधीकधी "हरवू नये म्हणून" ग्लव्ह बॉक्समध्ये असायची. वॉक अवे बंद पडण्याचं याहून खात्रीचं कारण नाही, आणि चोराची सोय होते ती वेगळीच. चावी क्र. २ आता ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये.

कुणी सुचवलं की ती फॉइलमध्ये गुंडाळून गाडीतच ठेवू, म्हणजे गाडीला दिसणार नाही. खरंच दिसत नाही, लॉक होतं. पण फॉइल एका कोपऱ्यात फाटलं की परत पहिल्यासारखं. हा उपाय सोडला.

पहिल्या बीपनंतर उघड्या काचेतून चावी सीटवर टाकून पाहिली. गाडीने दोन सेकंदांचा लांब बीप दिला आणि लॉक करणं सोडून दिलं. हा लांब बीप सगळ्यांना मुद्दाम ऐकवला. त्याचा अर्थ "मी लॉक करत नाहीये." ऐकू आला तर आधी चावी स्वतःजवळ आहे का बघायचं, मग कुठलंही एक दार उघडून लावायचं आणि एक छोटा बीप येतो का ऐकायचं.

१६ जून

दिवसभर पाऊस. हँडलच्या स्पर्श-सेन्सरवर पाण्याची धार पडली आणि चावी टप्प्यात असली, तर गाडी आपोआप उघडू किंवा बंद होऊ शकते. पुस्तिकेतही ही सूचना आहे. पाण्याचा पाइप हँडलवर धरून पाहिलं. चावी धुणाऱ्याच्या खिशात असताना कुलूप खाड्-खुट् वाजत राहिलं, चावी आत ऑफिसात नेल्यावर शांत. सोसायटीत गाडी धुणाऱ्याला चावी देऊच नये, त्याला बाहेरून धुवायला ती लागतही नाही.

आत पुसायचं असेल, सामान चढवायचं असेल तेव्हा वॉक अवे तात्पुरतं बंद करता येतं. गाडी बंद करायची, चालकाचं दार उघडायचं, आणि दारावरच्या मुख्य लॉक स्विचने लॉक, अनलॉक, लॉक, अनलॉक असं करायचं. बीप आला की सोय थांबली. परत सुरू करायला: गाडी ऑन करायची, नंतर नेहमीसारखं हाताने लॉक करायचं, चावी घेऊन टप्प्याबाहेर जायचं, परत येऊन कुठलंही दार उघडायचं.

रीलॉकही आजच पाहिलं. रिमोटने किंवा हँडलने उघडलं आणि ३० सेकंदांत एकही दार उघडलं नाही, तर गाडी स्वतःहून परत लॉक होते. खिशात बटण दाबलं गेलं तर गाडी उघडी राहू नये, म्हणून ही सोय. दार एकदा उघडलं की घड्याळ थांबतं. त्यामुळे एकट्या रीलॉकमुळे चावी आत अडकायला चावी दाराशिवाय आत जावी लागते. म्हणजे काचेतून किंवा डिकीतून. ६० किंवा ९० सेकंद करण्यात फायदा काहीच नाही. ज्यांना वेळ वाढवावीशी वाटते त्यांना बहुधा दार उघडायचं नसतं, नुसती उघडी गाडी ठेवायची असते. ३० वरच ठेवलं.

२० जून

इंजिन चालू असतानाचा प्रकार. हा लॉकचा नाही, पण माणूस अडकतो तो सर्वांत जास्त याच्यात.

चावी क्र. १ ड्रायव्हरच्या खिशात. तो पुणे स्टेशनला उतरला, गाडी चालूच होती, दुसऱ्याने स्टिअरिंग घेतलं आणि निघाला. गाडी चालत राहते, कारण धावती गाडी चावी नाही म्हणून बंद पाडणं धोक्याचं. चावी बाहेर गेल्यावर दार लागताच गाडी बीप देते आणि पडद्यावर चावी नसल्याचा इशारा येतो, पण स्टेशनसमोरच्या हॉर्नच्या गदारोळात तो कुणाच्या कानावर पडणार? ऑफिसला पोचून गाडी बंद केली की मग ती सुरू होत नाही, आणि बाहेरून नेहमीसारखी लॉकही करता येत नाही. चावी तोवर रेल्वेने लोणावळ्याला.

कागदावर सूचना लिहिली: ड्रायव्हर बदलताना गाडी एकदा बंद करून पुन्हा चालू करायची. सुरू झाली म्हणजे चावी आत आहे. इतकं सोपं दुसरं काही नाही.

हायब्रिड गाडी असेल तर आणखी एक खबरदारी. इंजिन गप्प असतं म्हणून गाडी बंद समजून लोक उतरतात. वॉक अवे तेव्हा चालत नाही. मीटरवर दिवे दिसत असतील तर गाडी बंद नाही.

२५ जून

डिकी. चावी आत अडकण्याचा सर्वांत खरा रस्ता हाच, म्हणून याला पूर्ण दिवस दिला.

प्रसंग असा: गाडी लॉक आहे. रिमोटवरचं डिकीचं बटण दाबून फक्त डिकी उघडली. दारं लॉकच राहतात. दोन्ही हात सामानात, चावी पिशवीवर ठेवली, पिशवी आत, डिकी दाबली. साध्या रिमोटच्या गाडीत इथे खेळ संपतो. कीलेस गाडीत डिकीतल्या अँटेनाला चावी सापडते, बीप येतो आणि डिकी बाहेरच्या बटणाने पुन्हा उघडता येते.

चावी डिकीच्या तळावर मोकळी ठेवली, कापडी पिशवीत ठेवली, कोपऱ्यात सरकवली, गाडीने ओळखली. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवली तेव्हा ओळखली नाही आणि डिकी निमूट बंद झाली. मग डबा बाहेर काढला. यातून डबे टाळा असा अर्थ घ्यायचा नाही, कारण चावी कुणी जेवणाच्या डब्यात ठेवत नाही. पण लॅपटॉप, चार्जर, पॉवर बँक आणि स्टीलची बाटली ज्या बॅगेत असते तिच्या आतल्या खणात चावी असतेच, आणि त्यात सेल २.८ व्होल्टचा असला तर तोच परिणाम व्हायला फार काही लागत नाही.

उलट बाजूही पाहिली. चावी डॅशबोर्डवर काचेला टेकवून ठेवली किंवा दाराच्या खणात टाकली, तर कधी ती "आत" दिसते, कधी "बाहेर". बाहेर दिसली तर ३० सेकंदांनी गाडी लॉक होऊ शकते. मात्र ज्या अँटेनाला ती बाहेर दिसली तोच हँडलला हात लावल्यावर दारही उघडतो. म्हणजे मालक अडकत नाही, पण येणारा-जाणारा कुणीही दार उघडू शकतो. हे जास्त वाईट.

कागदावर: डिकी उघडायची ती आधी चालकाचं दार उघडून. चावी हातातून सुटायची नाही. पॅंटचा खिसा, बॅग नाही.

एक गोष्ट वेगळ्या शाईत लिहिली. वॉक अवे चावी बघतं, माणसं मोजत नाही. मागे मूल झोपलं असेल आणि तुम्ही उतरून चालू लागलात तर गाडी लॉक होते. मागच्या दारांचा चाइल्ड लॉक लावलेला असेल तर ते मूल आतून उघडूही शकत नाही.

१ जुलै

धातूचं पातं. प्रत्येक चावीत ते असतं, बाजूचा खटका सरकवून ओढलं की निघतं. चालकाच्या दाराला त्यासाठी कुलपाचं भोक आहे. चावीचा सेल संपला किंवा गाडीची १२ व्होल्टची बॅटरी उतरली तरी पातं दार उघडतं.

पण चावी आत अडकते तेव्हा पातंही तिच्याच पोटात अडकतं. म्हणून "आपत्कालीन चावी आहे की" या म्हणण्याला इथे अर्थ नाही. उपाय: चावीवाल्याकडून पात्याची एक प्रत कापून घेतली. ही कड कापलेली साधी चावी नसून मधून खोबण असलेली असते, त्यामुळे संगणकावरचं मशीन असणाऱ्याकडेच जावं लागतं. नवं पातं गाडीच्या दारात तीनचार वेळा फिरवून घेतलं. दुकानातच ताबा घेऊन निघून येणं बरोबर नाही, अर्धवट अडकणारं पातं ऐनवेळी तुटतं. यात चिप नसते, म्हणून त्याने दार उघडतं, गाडी सुरू होत नाही. अँटेनाला ते दिसतही नाही. ऑफिसच्या सुरक्षारक्षकाकडे पाकिटात बंद करून दिलं.

लॉक गाडी पात्याने उघडली तर अलार्म वाजू शकतो. घाबरायचं नाही, चावीच्या अनलॉक बटणाने किंवा गाडी सुरू केल्यावर तो थांबतो.

मेलेल्या सेलवर गाडी सुरू करायची पद्धत सगळ्यांकडून करून घेतली. ब्रेक दाबून स्टार्ट बटण दाबायचं. बटण लुकलुकू लागलं की चावीची होंडाच्या चिन्हाची बाजू बटणाला टेकवायची. बझर वाजतो, बटण स्थिर पेटतं. दहा सेकंदांत, ब्रेक तसाच दाबून, बटण दाबायचं. चावीतली चिप सेलशिवाय चालते, म्हणून हे जमतं.

४ जुलै

त्याच ऑफिसातल्या एकांच्या स्वतःच्या गाडीत जवळ येताच उघडणारं लॉकही आहे. रेनो कायगर आणि निसान मॅग्नाइटच्या २०२४ च्या मॉडेलमध्ये ही सोय मिळते. घर तळमजल्यावर, चावी दरवाजाशेजारच्या खुंटीला, गाडी भिंतीपलीकडे. चावी टप्प्याच्या सीमेवर असली की गाडीला ती दिसते आणि लपते. रात्री लॉक वाजतं, चावीचा सेल लवकर उतरतो, आणि मुख्य म्हणजे गाडी उघडी राहण्याची शक्यता. खुंटी बदलून चावी आतल्या खोलीत नेली, आवाज थांबला. जागाच नसेल तर सेटिंगमधून जवळ येण्याचं अनलॉक बंद करावं आणि लांब जाण्याचं लॉक चालू ठेवावं. या दोन सोयी जोडीने विकल्या जातात, पण त्या जोडीनेच वापरायला हव्यात असं नाही. रोज उपयोगी पडतं ते लॉक. अनलॉक म्हणजे हँडलला हात लावण्याचे श्रम वाचवणं.

८ जुलै

सेटिंग कायम: वॉक अवे दोन्ही चाव्यांवर चालू, रीलॉक ३० सेकंद, बीपचा आवाज चालू (आधी कुणीतरी बंद केला होता, म्हणून लॉक झालं की नाही ते कळत नव्हतं). सेल दर वर्षी जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, दोन्हींचे एकदम.

ग्लव्ह बॉक्समधला कागद लॅमिनेट केला. त्याचीच एक प्रत ऑफिसच्या ड्रॉवरवर चिकटवली, कारण गाडी लॉक झाल्यावर ग्लव्ह बॉक्समधला कागद वाचता येत नाही. त्या प्रतीवर तळाशी पातं कुणाकडे आहे ते लिहिलं आहे.